सकाळी छान बसलेली फ्रिंज अकरा वाजता फुटते, मधून कपाळ दिसतं: बारीक केस आणि रुंद कपाळवाल्यांसाठी

जुळे सोलापुरात माझं छोटंसं पार्लर आहे, आणि दर उन्हाळ्यात एकच तक्रार घेऊन येणाऱ्या पाच-सहा जणी तरी असतातच. कपाळ रुंद आहे म्हणून समोर केस कापून घेतले, पहिले दोन दिवस भारी दिसलं, आणि मग रोज दुपारच्या आत ती फ्रिंज मधोमध फुटायला लागली, तीन-चार बारीक बटा होऊन कपाळाला चिकटायला लागली आणि कपाळ आधी दिसायचं त्यापेक्षा मोठं दिसायला लागलं. परत पार्लरमध्ये गेलं की अजून थोडी कापतात, चार दिवस बरं, परत तेच. हे का होतं आणि कसं थांबवायचं ते एका ताईंच्या उदाहरणावरून सांगते, कारण त्यांच्यात सगळ्या चुका एकत्र होत्या आणि त्यातली एक माझी पण होती.

त्या बँकेत कामाला आहेत, होटगी रोडवरून रोज स्कूटीवर जातात. केस खांद्याच्या खाली, सरळ, एकदम बारीक तारेचे. इथं एक गोष्ट आधी क्लिअर करते, बारीक केस आणि विरळ केस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक गळलेला केस आणि शिवायचा दोरा शेजारी शेजारी ठेवून चिमटीत फिरवा, केस बोटांना जाणवतच नसेल तर तार बारीक आहे. विरळ म्हणजे डोक्यावर केसांची संख्याच कमी, भांग पाडला की भांगाची पांढरी रेघ रुंद दिसते. बारीक तार असून केस दाट असू शकतात, त्यांना फ्रिंज चांगली होते. ताईंचे बारीक होते आणि कानशिलाजवळ विरळ पण, वरती डोक्यावर मात्र बऱ्यापैकी होते. हे शेवटचं लक्षात ठेवा, सगळं उत्तर तिथंच आहे.

जानेवारीत गड्डा यात्रेच्या आधी त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी फ्रिंज कापून घेतली होती. थंडीत ठीक बसली. मार्च लागला, ऊन चढलं आणि फुटायला लागली. मग माझ्याकडे आल्या, "ओ ताई, बगा की, सकाळी एवढी छान सेट करते आणि काउंटरवर बसेपर्यंत ह्याच्या अशा दोऱ्या होतात." मी बघितलं, खालून असमान वाटली, टोकं सारखी करून दिली आणि पाठवलं. तीन आठवड्यांनी त्या परत हजर, फ्रिंज आता भुवयांच्या वर आणि फूट तशीच. मी कटकडे बघत बसले होते, फूट कधी आणि कुठं पडते हे विचारलंच नव्हतं, ही माझी चूक. तेव्हापासून मी कात्री उचलायच्या आधी वेळ विचारते.

कारण वेळेवरून निम्मं निदान होतं. केस धुतल्यावर, ओले असतानाच, रोज त्याच जागी फट पडत असेल तर तो भोवरा आहे, म्हणजे कपाळाच्या रेषेवर केस मुळातूनच दोन दिशांना उगवतात. धुऊन, कोरडे करून, आरशात बघितलं तरी फ्रिंजमधून कपाळाची कातडी आरपार दिसत असेल तर समोर घेतलेले केसच कमी पडलेत, सेक्शन चुकलाय. आणि सकाळी नऊ वाजता एकदम भरलेली दिसते पण अकरा-बाराला दोऱ्या होतात असं असेल तर ते तेल, घाम, सनस्क्रीन ह्यांचं काम आहे. बऱ्याच जणींना यातली दोन कारणं एकत्र असतात. ताईंना दुसरं आणि तिसरं होतं, भोवरा नव्हता.

भोवरा आहे का ते घरी बघायचं तर समोरचे केस मुळापर्यंत पाण्यानं चिंब ओले करा, बोटांनी मागं सारा, आणि मान खाली घालून डोकं हलकंसं हलवा, कंगवा लावायचा नाही. केस आपोआप कुठं पडतात ते बघा. सगळे सरळ खाली आले तर भोवरा नाही. एकाच ठिकाणी दोन्हीकडं पळाले किंवा एक बट उभीच राहिली तर आहे. भोवरा ठळक असेल तर पूर्ण सरळ आडवी फ्रिंज करू नका असं मी स्पष्ट सांगते, त्या भोवऱ्याच्या जागीच भांग धरून दोन्हीकडं पडणारी लांब कर्टन फ्रिंज करा, म्हणजे केस जिथं फुटणार आहेत तिथंच फुटतील आणि ते मुद्दाम केल्यासारखं दिसेल. बारीक केसांत भोवऱ्याशी रोज भांडणं जमत नाही, केसाला वजनच नसतं.

आता सेक्शनचं. कपाळ रुंद असलं की मनात हेच येतं की फ्रिंज पण रुंद पाहिजे, ह्या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत सगळं झाकलं पाहिजे. ताईंची तशीच कापली होती. मी टेप लावून मोजलं, रुंदी १४ सेंटीमीटर आणि खोली, म्हणजे कपाळाच्या रेषेपासून मागं डोक्यावर किती केस घेतलेत ते, जेमतेम अडीच. म्हणजे एक लांबलचक पातळ पट्टी. ह्यात दोन तोटे झाले. एक तर पट्टी पातळ असल्यामुळं फ्रिंजमध्ये केस कमी, म्हणून आरपार दिसतं. दुसरं म्हणजे कानशिलाजवळचे जे मुळात विरळ केस होते, जे लांब असताना गालावर पडून कपाळाचे कोपरे झाकायचे, तेच कापून आखूड केले. आखूड झाल्यावर ते कोपऱ्यावर टिकतच नाहीत, उडतात नाहीतर मागं जातात, आणि कपाळाचे दोन्ही कोपरे उघडे पडतात. रुंद कपाळ रुंद दिसतं ते ह्या कोपऱ्यांमुळंच.

म्हणून माझा हिशोब असा झालाय की कपाळ रुंद आणि केस बारीक असतील तर फ्रिंज अरुंद पण खोल घ्यायची, आणि कोपरे झाकायचं काम फ्रिंजला न देता चेहऱ्याच्या बाजूच्या लेयरला द्यायचं. खोली कुठपर्यंत घ्यायची ते बघायला एक साधा कंगवा पुरतो. कंगवा डोक्याच्या मधोमध, कपाळाकडून मागं असा आडवा सपाट ठेवा. डोकं गोल असल्यामुळं पुढच्या बाजूला कंगवा आणि डोकं ह्यांच्यात फट दिसेल. जिथून डोकं पुढं उतरायला लागतं आणि कंगवा टेकलेला राहत नाही, ती जागा म्हणजे फ्रिंजसाठी घ्यायच्या केसांच्या त्रिकोणाचं मागचं टोक. तिथले केस आपोआप पुढं पडतात. दाट केसवालीला ह्या जागेच्या पुढंच थांबलं तरी चालतं, बारीक केसवालीला मी त्या जागेच्या एक बोट मागं जाते. त्यापेक्षा मागं जाऊ नका, टाळूवरचे केस समोर आणले तर वरचं डोकं चपटं दिसतं आणि ती फ्रिंज वाढवायची म्हटलं की दीड वर्ष मधेच लोंबकळणारे केस सांभाळत बसावं लागतं.

रुंदी घ्यायची भुवईच्या कमानीपासून कमानीपर्यंत. भुवईच्या शेपटापर्यंत सुद्धा नाही. ताईंची नवीन रुंदी आली ९ सेंटीमीटर आणि खोली ६. म्हणजे रुंदी कमी केली तरी दर सेंटीमीटर रुंदीला केस जास्त आले, कारण ते वरून आले, आणि वरती त्यांचे केस चांगले होते.

पण त्यांची तर आधीच चुकीची कापलेली होती, मग काय केलं? कापलेले केस परत जोडता येत नाहीत, तर मागून नवे केस आणले. जुन्या पट्टीच्या मागून टेल कोंबच्या दांडीनं त्रिकोण काढला, ते लांब केस पुढं आणले आणि आधीच्या आखूड फ्रिंजवर सोडले. हे वरचे केस मी भुवईच्या वर नाही कापले, मधला भाग नाकाच्या वरच्या हाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंना उतरत गालाच्या हाडापर्यंत ठेवला. खाली आखूड थर, वर लांब थर, त्यामुळं खालचे केस वरच्यांना टेकू देतात आणि फ्रिंजला जरा उठाव येतो. कानशिलाजवळचे जे चुकून कापले गेले होते त्यांना हात लावला नाही, ते वाढू द्यायचे. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, त्यांचे भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत यायला ६ सेंटीमीटर लागत होते, म्हणजे पाच-सहा महिने, हे मी त्यांना आधीच सांगितलं. तेवढे दिवस ते कोपऱ्याचे केस छोट्या काळ्या चिमट्यानं वरच्या लांब केसांच्या खाली मागं लपवायचे.

कापताना बारीक केसांत दोन गोष्टींची मी फार काळजी घेते. फ्रिंज पूर्ण ओली कापत नाही, आधी वाळवते, मग कापते, आणि केस बोटात ताणून धरत नाही, कंगव्यावर नुसते टेकवून धरते. ओला केस ताणला की लांब होतो, वाळल्यावर वर चढतो, सरळ केसांत अर्धा-एक सेंटीमीटर, वेव्ही असतील तर त्याहून बराच जास्त, आणि फ्रिंजमध्ये तेवढ्यानं पण सगळं बिघडतं. दुसरं म्हणजे थिनिंगची कात्री आणि रेझर बारीक केसांच्या फ्रिंजला लावू नये, अजिबात नाही. पार्लरमध्ये "मऊ दिसेल" म्हणून लावतात, पण त्यानं असलेलेच केस कमी होतात आणि टोकं झिरझिरीत होतात, मग घाम आला की पहिली दोरी तिथंच होते. टोकं फार सरळ पट्टीसारखी वाटत असतील तर कात्री उभी धरून टोकाचे अर्धा सेंटीमीटर टिपायचे, बस. तुम्ही पार्लरला गेलात तर आधीच सांगा, थिनिंग नको, आणि बोलायला लाजू नका.

लेयरचं थोडक्यात सांगते पण नीट ऐका, कारण रुंद कपाळाला खरा आधार हाच आहे. बारीक केसांत पूर्ण डोक्यावर स्टेप किंवा लेयर केले की खालची टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतात, म्हणून मागचे केस एका लांबीत सरळ ठेवायचे, तिथं दाटपणा दिसतो. लेयर फक्त चेहऱ्याजवळ, फ्रिंजच्या कडेपासून कानाच्या पुढपर्यंत जेवढे केस आहेत त्यातली साधारण एक बोट जाडीची बट घ्यायची. ती बट पुढं नाकाच्या दिशेनं ओढून धरायची आणि गालाच्या हाडापासून हनुवटीकडं तिरकी कापत जायची. पुढं ओढून कापल्यामुळं सोडली की मागचे केस आपोआप लांब राहतात आणि उतार येतो. सर्वात आखूड केस गालाच्या हाडाशी, त्याच्या वर जायचं नाही, आणि फ्रिंजची सर्वात लांब टोकं पण गालाच्या हाडाशीच आली पाहिजेत, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळतात. ही जोड नसली की फ्रिंज संपते आणि लेयर सुरू होतो त्या मध्ये कानशिलावर फट दिसते, आणि नजर नेमकी तिथंच जाते. घरी तपासायचं असेल तर डोकं जोरात हलवा आणि आरशात बघा, कपाळाच्या कोपऱ्यावर केस परत येऊन पडतात का. पडत नसतील तर ही जोडणारी बट, म्हणजे जोडबट, आखूड झालीय, तिला वाढू द्या, अजून कापू नका.

आता तिसरं कारण, अकरा वाजताच्या दोऱ्या. आपल्या इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा घाम तर येणारच. पण ताईंना विचारत गेले तर घामाच्या आधीच बरंच काही होत होतं. रविवारी खोबरेल तेलाची मालिश, ती पार कपाळाच्या रेषेपर्यंत. सकाळी कपाळाला सनस्क्रीन आणि लगेच त्यावर फ्रिंज. मग स्कार्फ डोक्याला आणि तोंडाला गच्च गुंडाळून अर्धा तास स्कूटी. बारीक केसाला तेलाचे दोन थेंब पण पुरतात, एकेक केस शेजारच्याला चिकटतो आणि दहा केसांची एक बट होते.

तर तेल लावायचंच असेल तर समोरचा त्रिकोण चिमट्यानं वेगळा बांधून ठेवा, त्याला तेल नाही, कंडिशनर पण नाही, मागून वाहून आलेलं जे लागेल तेवढं पुरे. सनस्क्रीन लावल्यावर दहा मिनिटं फ्रिंज वर बांधून ठेवा, मग टिश्यूनं कपाळ हलकं टिपा आणि मग सोडा. स्कार्फ बांधायच्या आधी फ्रिंज मागं सपाट घेऊन एका चपट्या क्लिपनं अडकवा, कपाळावर दाबून त्यावर स्कार्फ नको, हेल्मेटचं पण तसंच. बँकेत पोचलं की क्लिप काढायची, कपाळ पुसायचं, कोरड्या कंगव्यानं डावीकडं उजवीकडं चार वेळा विंचरून सोडायची. ताई म्हणाल्या, निम्मा फरक ह्या एकट्या क्लिपनं पडला.

ड्राय शॅम्पू वापरणार असाल तर केस चिकट झाल्यावर नाही, सकाळी स्वच्छ कोरड्या केसांवरच, फ्रिंजच्या आतल्या बाजूनं मुळाशी, एक हात लांबून थोडासा. आधीच असला की दिवसभर तेल शोषत राहतो, नंतर मारला तर चिकटावर पावडर बसून पिठूळ दिसतं. नुसती टाल्कम चुटकीभर पण चालते, फक्त बोटानं मुळाशी, वरून शिंपडायची नाही, काळ्या केसात लगेच पांढरं दिसतं.

रोज पूर्ण केस धुवायची गरज नाही. बाकीचे केस मागं बांधा, बेसिनवर वाका आणि फक्त फ्रिंज धुवा, शॅम्पूचा थेंब चण्याएवढा. पाण्याचं इथं सांगते, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, मग बरेच जण बोअरचं वापरतात, आणि ते जड असतं, फेस नीट होत नाही. त्यातले क्षार केसावर बसतात आणि बारीक केस राठ, निस्तेज होतात, कितीही धुतलं तरी मोकळे वाटत नाहीत. सगळी अंघोळ चांगल्या पाण्यानं करणं शक्य नसतं, पण फ्रिंजसाठी शेवटचा एक मग आरओचा घेता येतो, एवढुशा केसांना तेवढा पुरतो.

आणि वाळवणं, जे बहुतेक जणी उलटं करतात. आधी मागचे केस वाळवतात, तोपर्यंत फ्रिंज आपापली वाकडीतिकडी वाळून बसते, मग गोल ब्रशवर गुंडाळून तिची नळी करतात. नळी झालेली फ्रिंज दुपारी फुटणारच. बारीक केस पटकन वाळतात आणि जसे वाळले तसे बसतात, म्हणून डोकं धुतल्यावर सगळ्यात आधी फ्रिंज. ड्रायरला चपटं नोझल लावा, हवा वरून खाली, मध्यम गरम. सपाट कंगव्यानं सगळी फ्रिंज कपाळाला चिकटवून पूर्ण डावीकडं न्या, मग पूर्ण उजवीकडं, परत डावीकडं, दोन मिनिटं हेच करत राहा. मुळं एका बाजूला बसायची सवय सोडतात आणि केस मध्ये सरळ येऊन पडतात. शेवटी थंड हवा. उठाव पाहिजे असेल तर चार सेंटीमीटरचा एक वेलक्रो रोलर पुढच्या दिशेनं लावून चहा होईपर्यंत ठेवा. लाइट गेली असेल तर ओली फ्रिंज पाच मिनिटं डावीकडं चिमट्यानं सपाट लावा, पाच मिनिटं उजवीकडं, मग सोडा, ड्रायरएवढी नाही पण बरी बसते.

काहींना मी कापूनच देत नाही. कपाळाच्या रेषेवरचे केसच गेले असतील, गच्च वेणी किंवा टाइट पोनी वर्षानुवर्षं घालून कानशिलाजवळ नुसती लव राहिली असेल, तर फ्रिंजला लागणारे केस समोर नसतातच. त्यांना तिरका भांग आणि गालाच्या हाडाशी एक-एक जोडबट, एवढंच करते आणि वेणी सैल घालायला सांगते. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस खूप गळतात, मग समोर आखूड नवे केस उभे राहतात, ते बघून "आता कापूनच टाका" म्हणून येतात, त्यांना मी थांबवते, बहुतेकींचं ते वर्षभरात भरून येतं, तेव्हा बघू. आणि काही महिन्यांत भांग रुंद होत चालला असेल, गोल चट्टा पडला असेल, तर पार्लर नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. फ्रिंजनं ते झाकलं की दाखवायला उशीर होतो.

ताई नंतर दर सहा-सात आठवड्यांनी येत राहिल्या, मी मधल्या भागाची फक्त टोकं टिपायचे, कडा सोडून द्यायचे. गणपतीच्या आधी आल्या तेव्हा कानशिलाचे केस गालाच्या हाडाशी पोचले होते, त्या दिवशी पहिल्यांदा जोडबट नीट कापता आली आणि कोपरे झाकले गेले. खालचा आखूड थर पण तोवर वाढून वरच्यात मिसळला. मे महिन्यात तेवढी एक अडचण राहते, दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना एकदा क्लिप लावून कपाळ पुसावं लागतं, त्याला माझ्याकडं उपाय नाही.

मधल्या काळात घरी टिपायची वेळ आली तर फ्रिंज कोरडी आणि रोजच्यासारखी सेट केलेली असू द्या, आरशात सरळ समोर बघा, भुवया वर उचलू नका, आणि कात्री उभी धरून एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढंच घ्या. कडेचे केस त्याआधी चिमट्यानं बाजूला बांधून ठेवा, म्हणजे चुकून पण कात्रीत येणार नाहीत.